फंडाच्या पत्रिका

अंबरनाथला मोरिवली गावाच्या अंगाला असलेल्या एका रंगाई कारखान्यात मी पंधरा वर्षे फंडाच्या खिडकीमागे बसले. कवितेवर प्रबंध लिहिण्याची इच्छा असलेल्या मुलीला नोकरी मिळाली ती भविष्य निर्वाह निधीच्या खातेपत्रकांवर व्याज चढवण्याची. खिडकीला उभे गज होते आणि गजांपलीकडे माणसांआधी त्यांचा वास यायचा: कॉस्टिकचा घशाला बोचणारा वास, वाफाळलेल्या ओल्या सुताचा वास, आणि त्याखाली विडीचा. हात दिसले की खाते कळे. निळ्या नखांचे रंगखात्यातले, पांढरट भेगाळलेले ब्लीचिंगमधले.

निळ्या नखांच्या त्या हातांत माझ्या वडिलांचेही हात होते. आबा त्याच कारखान्यात एकोणसत्तर सालापासून होते आणि त्यांच्याच शब्दावर मला ती नोकरी लागली होती. ही गोष्ट ते मला विसरू देत नसत. खिडकीशी आले की मात्र मला ओळख दाखवत नसत. इतरांसारखेच म्हणत, "ओ बाई, आमचं पत्रक बघा." बदलापूरहून आम्ही सकाळी एकाच वेळी निघायचो, पण ते दहा पावले पुढे चालत.

शहाण्णव साल सुरू झाले तेव्हा त्या खिडकीवर राग येऊन आदळत होता. नवी पेन्शन योजना लागू झाली होती. आमच्या कारखान्याचा फंड कारखान्याचाच ट्रस्ट सांभाळत असे, पेन्शनचे पैसे मात्र सरकारच्या कचेरीत जायचे. कामगाराच्या पगारातून पेन्शनसाठी वेगळे काही कापले जाणार नव्हते, हे मी सांगून सांगून थकले. मालक जे दहा टक्के फंडात भरत असे, त्यातले आठ पूर्णांक तेहतीस आता पेन्शनकडे वळणार होते.

"म्हणजे फंडात मालकाचे राहिले किती?" ब्लीचिंगमधला एक जुना कामगार गजाला कपाळ टेकून विचारायचा.

"एक पूर्णांक सदुसष्ट."

"आणि बाकीचं मला कधी मिळणार?"

"अठ्ठावन्नला पेन्शन. पन्नासनंतर लवकर घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, तितके दरवर्षी तीन टक्के कापून."

"आणि एकरकमी हवं असेल तर?"

"दहा वर्षांच्या वर नोकरी झाली असेल तर नाही मिळत. फंड मिळतो, पेन्शनचा पैसा नाही. तो पेन्शन म्हणूनच मिळणार."

"बाई, तुम्ही सरकारच्या की आमच्या?"

मागून कोणीतरी म्हणे, "बाई आबांच्या. आबांचं पत्रक त्या आधी काढतात." आणि सगळे हसत. त्या हसण्यात प्रेम नव्हते. फंडावर बारा टक्के व्याज होते, नोकरी पाच वर्षांच्या पुढे गेली की त्यावर कर नव्हता, आणि तो हातात येताना जाडजूड येत असे. पेन्शन म्हणजे महिन्याला काही शे रुपये, मरेपर्यंत. माणसाला आपल्या मरणाची तारीख ठाऊक नसल्यामुळे हे दोन्ही एका तराजूत टाकणे अवघड होते, आणि त्या अवघडपणाचा सगळा राग माझ्या टेबलावर येत असे.

पुढच्या वर्षी कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लावली. ती स्वेच्छा कोणाची, हे कोणी विचारले नाही. राजीनामा देणाऱ्याला फंडासाठी दोन महिने बेकार राहून थांबावे लागे. स्वेच्छानिवृत्तीची सही करणाऱ्याला फंड ताबडतोब, आणि वर मिळणारी रक्कम पाच लाखांपर्यंत करमुक्त. रंगखात्यातला एकही माणूस पाच लाखांच्या जवळपास जाणारा नव्हता, तरी ते "करमुक्त" मोठ्या अक्षरांत छापले होते. आबा तेव्हा चौपन्न वर्षांचे होते. त्यांनी तिसऱ्या दिवशी सही केली, आणि मला ते खातेप्रमुखाकडून कळले.

त्या रविवारी आमच्या बदलापूरच्या दोन खोल्यांत माणसे जमली. माझा धाकटा भाऊ सिंधी निर्वासितांच्या वसाहतीत, कॅम्प पाचमध्ये, एका गाळ्याचे बोलून आला होता. तिथे तो जीन्स शिवून घेणार होता. गाळ्याचा सिंधी मालक महिनाअखेरीपर्यंत थांबायला तयार होता. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा विम्याचा एजंट, तो रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन खुर्चीवर बसला होता. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुकटीची डोकी मोडत बसली होती. त्या वासाने जावयाने एकदा नाक आक्रसले आणि आईने ते पाहिले.

भावाचा हिशेब साधा होता. फंड सगळा गाळ्यात. पेन्शन आत्ताच चालू करायची, चार वर्षांची बारा टक्के कपात सोसून; तिचा एक तृतीयांश भाग विकायचा. विकलेल्या मासिक रकमेच्या शंभरपट पैसे एकदम मिळतात. आबांची पेन्शन पाचशेच्या आत बसणार होती. तिचा तिसरा हिस्सा सुमारे दीडशे, म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास हाती.

"ते पंधरा हजार म्हणजे चार मशिनी," भाऊ म्हणाला.

"आणि उरलेल्या तीनशेत आबा-आईनं काय खायचं?" मी विचारले.

"ताई, मी आहे ना. मी काय मेलोय?"

"धंदा बसला तर?"

"तू तोंड उघडलंस की पनवतीच बाहेर येते."

जावयाने बॅग उघडली. "मी काय म्हणतो, आबा, फंड हातात ठेवूच नका. वार्षिकी घ्या. एकदा रक्कम भरली की पुढच्या महिन्यापासून पैसे चालू, मरेपर्यंत. आणि करात सवलत…" त्याने एक गुळगुळीत पत्रक पुढे केले.

मी ते उचलले. ते पाच-सहा वर्षे जुने होते. पूर्वी अशा वार्षिकीत घातलेली रक्कम उत्पन्नातून वजा होत असे, आणि त्या दिवसांत त्याने आमच्या कारखान्यातल्या चार अधिकाऱ्यांना त्या विकल्या होत्या. ती सवलत ब्याण्णवलाच बंद झाली होती. वार्षिकीचा दरमहा हप्ता मात्र तेव्हाही उत्पन्न म्हणून करपात्र होता आणि आताही होता.

"ही सवलत आता नाही," मी म्हटले. "आणि असती तरी आबांना कर लागतोच कुठे? ज्याला कर नाही त्याला सवलत विकताय."

"ताई, मी धंदा करतो, तुम्ही खिडकीत बसता."

"कमिशन किती आहे यावर?"

बहीण आलेली नव्हती हे बरे झाले. जावयाने पत्रक माझ्या हातातून ओढून घेतले. त्याचा कोपरा फाटून माझ्या बोटांत राहिला.

माझे स्वतःचे गणित तयार होते आणि मला त्याचा अभिमान होता. पेन्शन चालू करू नये, अठ्ठावन्नपर्यंत थांबावे, एक पैही विकू नये. फंडाची रक्कम पोस्टाच्या मासिक योजनेत ठेवावी: सहा वर्षांची मुदत, व्याज वार्षिकीपेक्षा चांगले, मुद्दल शेवटी जागच्या जागी, आणि खाते दोघांच्या नावे. मी हे कागदावर तीन रकान्यांत मांडून आणले होते. माझे अक्षर सुंदर होते. आबांनी कागद पाहिलाही नाही.

"कारकून खिडकीत असते," ते म्हणाले. "घरात मुलगी असते. माझा फंड आहे, माझ्या घामाचा. त्याचं काय करायचं ते मी आणि माझा मुलगा बघू. तुझं लग्न झालं असतं तर या घरात बोलायला आली असतीस का?"

हे वाक्य त्यांनी उच्चारले नसते तर मी कदाचित ते कधीच बोलले नसते. नऊ वर्षे बोलले नव्हते.

फंडातून मुलामुलीच्या लग्नासाठी परत न फेडायची रक्कम उचलता येते. सात वर्षांची सदस्यता हवी, आणि स्वतःच्या वाट्यातले व्याजासकट निम्मे मिळतात. अर्जाला लग्नपत्रिका जोडली की ट्रस्ट फार प्रश्न विचारत नसे. म्हणून आमच्या भागात एक रीत पडली होती. कॅम्प पाचमधल्या एका छापखान्यात फंडाच्या पत्रिका छापून मिळत. तो माणूस दहा प्रती काढी, गणपतीचा तोच ठसा, तोच मुहूर्ताचा मजकूर, नावे तेवढी बदलत. एकेका कामगाराच्या मुलीचे लग्न दोनदोनदा झालेले असे. कारखान्यात सगळ्यांना हे माहीत होते आणि कोणालाही त्यात गैर वाटत नव्हते; पैसा आपलाच, तो काढायला एक निमित्त हवे, एवढेच. मीही कित्येक पत्रिका डोळे मिटून फाइलला लावल्या.

अठ्ठ्याऐंशी साली मला जुन्या फाइली नव्या कपाटात लावायला दिल्या होत्या. आबांच्या फाइलीत मला माझ्या लग्नाची पत्रिका सापडली. लाल-पिवळी, स्वस्त, बोटाला रंग लागणारी. शेजारी कोणा एका वराचे नाव, जे त्या छापखानेवाल्याने त्याच क्षणी सुचेल तसे बसवले असणार. वर चार ओळींचे निमंत्रणकाव्य होते आणि दुसऱ्या ओळीत मात्रा चुकली होती. मी ती चूक आधी पाहिली आणि मग माझे नाव, हे मला आजही ओशाळवाणे वाटते. त्या तारखेला मी एम.ए.च्या परीक्षेला बसले होते. फंडातून उचललेली रक्कम भावाच्या पॉलिटेक्निकच्या देणगीत गेली होती, हे तारखा जुळवून कळायला वेळ लागला नाही. शिक्षणासाठीही त्याच नियमात पैसे मिळतात. पण त्यासाठी शाळा-कॉलेजचा कागद लागतो, आणि देणगीची पावती कोणी देत नाही.

"माझं लग्न झालंय, आबा," मी म्हणाले. "शहाऐंशी साली. तुमच्या फाइलीत पत्रिका आहे."

जावयाच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागले होते, कारण फंडाच्या पत्रिका त्यालाही ठाऊक होत्या. आबा उठले. मला वाटले ते हात उगारतील. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला आणि तो घालता घालता म्हणाले, "सगळेच काढत होते."

"सगळ्यांच्या मुली फंडात कामाला नव्हत्या."

"मग फाडून टाकायची होतीस. तेवढी अक्कल नाही आणि कविता करते."

आईने सुकटीचे ताट बाजूला सरकवले. तिला या पत्रिकेविषयी काहीच माहीत नव्हते हे तिच्या हातांवरून कळत होते. ते ताटाच्या कडेवर तसेच राहिले होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही, आबांकडेही नाही. ती जावयाला म्हणाली, "जावईबापू, ते मघाचं परत सांगा. पैसे एकदा भरले की परत काढता येत नाहीत?"

जावई चाचरला. हा त्याच्या मालातला दोष होता आणि तो झाकून विकायची त्याला सवय होती. "तसं… मुद्दल अडकतं, आई. पण दरमहा…"

"मुलाचं लग्न आहे सांगून?"

"नाही."

"आजार? घर?"

"नाही. कशालाच नाही. दरमहा जे येतं तेच."

"आणि हिचं पोस्टाचं?" तिने माझ्या कागदाकडे हनुवटी केली.

ते मला सांगावे लागले. "वर्षानंतर मोडता येतं. थोडी कपात करून."

"मग ते नको."

मी तिला समजावू लागले: व्याजाचा फरक, महागाई, हप्ता जन्मभर तेवढाच राहतो, पुढे त्याची किंमत उरत नाही. सगळे बरोबर होते. ती ऐकत होती आणि ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुझं गणित तुझ्यासारख्या बाईचं आहे. तुझा पगार तुझ्या हातात येतो. या घरात जे मोडता येतं ते मोडलं जातं."

भाऊ उसळला. "आई, गाळ्याचं काय? मी शब्द दिलाय तिथे."

"शब्द तू दिलास."

"आबा, ऐका, ही काय बोलते."

आबा दारात उभे होते. "तिला काय विचारायचंय? फंडाच्या फॉर्मवर माझी सही लागते, तिची नाही."

ते खरे होते. फंडासाठी सदस्याची सही आणि महसुली तिकिटावरची पावती पुरते. नामनिर्देशन सदस्याच्या मृत्यूनंतर कामाला येते. जिवंत माणसाचा फंड त्याच्या एकट्याचा. पण पेन्शनचे तसे नव्हते. सदस्य गेल्यावर त्याच्या पेन्शनचा निम्मा भाग विधवेला आपोआप मिळतो, आणि म्हणून पेन्शनच्या अर्जाला नवराबायकोचा एकत्र फोटो लागतो. मी तो नियम भरल्या घरात मोठ्याने सांगितला. खिडकीतून हजारदा सांगितला होता तसाच, निर्विकारपणे. निर्विकार मी मुळीच नव्हते.

आईने विचारले, "म्हणजे मी फोटोला नाही बसले तर?"

"तर अर्ज पुढे जात नाही."

"मग मी नाही बसत," ती म्हणाली. "आधी माझ्या नावावर वार्षिकी होऊ दे. निम्मा फंड. तिचे कागद माझ्या हातात आले की मी फोटोला येते. उरलेला निम्मा तुमचा आणि तुमच्या मुलाचा, जाळा नाहीतर शिवा."

त्यानंतरचे पाच आठवडे आमच्या घरात भांडी जोरात वाजत होती. आबांनी तिच्या हातचे जेवण सोडले आणि स्टेशनबाहेर वडे खाऊन पोट बिघडवून घेतले. भाऊ रोज येऊन तिला पंधरा हजारांचे गणित समजावी, एकदा तो म्हणाला, "तू म्हातारपणी माझ्याच दारात येणार आहेस," आणि ती म्हणाली, "तेव्हा माझे पैसे घेऊन येईन, म्हणजे दार उघडशील." मोठे काका एकदा समजूत घालायला आले, तिने त्यांना चहा दिला आणि आत जाऊन बसली. गाळ्याच्या मालकाने महिनाअखेरीनंतर दहा दिवस वाढवून दिले. फंड एव्हाना आबांच्या खात्यात जमा झाला होता. पण पंधरा हजारांवाचून मशिनी येत नव्हत्या, आणि फोटोवाचून पंधरा हजार येत नव्हते. इतक्या छोट्या रकमेने इतक्या मोठ्या रकमेला वेठीला धरलेले मी त्या खिडकीमागच्या सगळ्या वर्षांत दुसऱ्या कोणत्या घरात पाहिले नाही.

शेवटी आबा एका संध्याकाळी जावयाला घेऊन आले आणि फॉर्म तिच्यासमोर टाकला. जावई हळू आवाजात पर्याय वाचू लागला. एकात दरमहा थोडे कमी, पण तिच्या मागे मुद्दल वारसाला परत. दुसऱ्यात दरमहा जास्त, पण मागे काही नाही. पैसा नवऱ्याचा असल्याने वार्षिकीचे उत्पन्न करासाठी नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात, तेही त्याने आता प्रामाणिकपणे सांगितले. एकूण बेरीज करपात्र होतच नव्हती.

"पहिला घे, आई," भाऊ म्हणाला. तो बऱ्याच दिवसांनी तिच्याशी नीट बोलत होता. "मुद्दल कुठे जात नाही."

"वारस म्हणजे कोण?"

"म्हणजे… आम्हीच. मी."

"दुसरा लिहा," ती जावयाला म्हणाली. "माझ्या मरणावर कोणाचं काही अडून राहायला नको."

मला ते भयंकर वाटले. तिच्या शेजारी बसूनही मी तिच्या बाजूची नव्हते असे त्या क्षणी लक्षात आले; माझ्याही मनात कुठेतरी, आईच्या मागे, त्या मुद्दलाचा एक तुकडा होता. भावाने पायांत चपला सरकवल्या आणि तो गेला. तिने सही केली, एकेक अक्षर खाली-वर होणारी, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची.

पॉलिसीचे कागद आल्यावर ती आबांबरोबर बदलापूर स्टेशनसमोरच्या स्टुडिओत गेली. मीही गेले, कारण फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. आत फ्लॅशचा जळका वास आणि कोंदट मखमली पडद्याचा वास होता. लग्नानंतर त्यांचा एकत्र फोटो काढायचा प्रसंग आलेला नव्हता. फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा जवळ सरका." आबा हलले नाहीत. "काकू, तुम्ही तरी." आईने पदर सारखा केला आणि सरळ समोर पाहिले. त्याने वैतागून कॅमेराच मागे नेला, म्हणजे दोघे एका चौकटीत मावतील.

परत येताना आबा पुढे चालत होते. आई मला म्हणाली, "पोस्टाचं तुझंही एक आहे ना, पंधरा वर्षांचं? त्यात करात सूट मिळते म्हणत होतीस."

"हो. आणि कोर्टसुद्धा जप्त करू शकत नाही."

"मोडता येतं?"

"सातव्या वर्षापासून थोडं काढता येतं."

"तुझ्या भावाला सांगू नकोस," ती म्हणाली, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायला थांबली.

सोमवारी मी अर्ज घेतला, फोटो चिकटवला, लवकर पेन्शनच्या चौकटीत खूण केली, एक तृतीयांश विक्रीच्या चौकटीत खूण केली. मला दोन्ही चुकीचे वाटत होते. आबा गजांपलीकडे उभे होते. मागे ओळ होती. मी अर्ज फिरवून त्यांच्याकडे सरकवला आणि बोटाने सहीची जागा दाखवली.

"वाचून बघा," मी म्हणाले.

"तू भरलंयस ना?"

"हो."

"मग वाचायलाच हवं," ते म्हणाले, आणि खिशातून चष्मा काढून, मागची ओळ कुरकुरत असताना, पहिल्या ओळीपासून एकेक शब्द वाचू लागले.